जुने शेअर सर्टिफिकेट, फोलिओ क्रमांक आणि न घेतलेला लाभांश

शेअर सर्टिफिकेटवर सर्वांत मोठ्या अक्षरांत कंपनीचे नाव असते, पण दाव्याच्या कामात जास्त उपयोगी पडते ती कोपऱ्यातली बारीक छपाई. तिथे तीन प्रकारचे आकडे असतात. पहिला फोलिओ क्रमांक. हा कंपनीच्या भागधारक-नोंदवहीतला त्या माणसाच्या खात्याचा क्रमांक असतो आणि एका फोलिओत अनेक सर्टिफिकेटे असू शकतात. दुसरा सर्टिफिकेट क्रमांक, जो त्या एका कागदापुरता असतो. तिसरे विशिष्ट क्रमांक, म्हणजे प्रत्येक शेअरचा स्वतंत्र अनुक्रम, ‘पासून–पर्यंत’ अशा रूपात दिलेला. १२३४५०१ ते १२३४५५० असे क्रमांक असतील, तर त्या सर्टिफिकेटवर ५० शेअर असायला हवेत. हा हिशेब जुळला नाही, तर एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे असे समजावे.

सर्टिफिकेटची मागची बाजूही वाचावी लागते. शेअर पहिल्या मालकाकडून विकत घेतलेले असतील, तर पुढे छापलेले नाव जुन्या मालकाचेच राहते. खरेदीदाराचे नाव आणि त्याचा नवा फोलिओ क्रमांक मागच्या हस्तांतर-तक्त्यात शिक्क्यासह लिहिलेला असतो. अशा वेळी दाव्यासाठी त्या तक्त्यातली शेवटची नोंद धरायची असते. सर्टिफिकेट हाताशी नसेल, तर जुन्या लाभांश वॉरंटच्या स्थळप्रतीवर किंवा वार्षिक अहवालाच्या पाकिटावरील पत्त्याच्या चिठ्ठीवरही फोलिओ क्रमांक सापडतो.

भागधारकांची नोंदवही बहुतेक कंपन्या स्वतःकडे ठेवत नाहीत. ते काम सेबीकडे नोंदणी झालेल्या रजिस्ट्रार व शेअर ट्रान्सफर एजंटकडे, म्हणजे व्यवहारातल्या भाषेत ‘आरटीए’कडे असते. सर्टिफिकेटवर छापलेला पत्ता बहुधा कालबाह्य झालेला असतो, कारण या संस्थांची नावेही बदलली आहेत. हैदराबादची कार्वी कॉम्प्युटरशेअर पुढे केफिन टेक्नॉलॉजीज झाली, तर मुंबईच्या लिंक इनटाइमचे नाव आता एमयूएफजी इनटाइम आहे. म्हणून आजचा रजिस्ट्रार कोण, हे कंपनीच्या संकेतस्थळावरील गुंतवणूकदार विभागात पाहावे.

कंपनीचे नावही बदललेले असू शकते. टेल्कोची टाटा मोटर्स झाली आणि टिस्कोची टाटा स्टील. पुण्याकडच्या अनेक घरांत बजाज ऑटोची जुनी सर्टिफिकेटे असतात. त्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. २००८ मध्ये त्या कंपनीचे विभाजन झाले. जुनी बजाज ऑटो ‘बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट’ या नावाने पुढे चालू राहिली. वाहनांचा व्यवसाय नव्या बजाज ऑटोकडे गेला, तर विमा व वित्तसेवा बजाज फिनसर्व्हकडे. जुन्या प्रत्येक शेअरमागे या दोन्ही नव्या कंपन्यांचा एकेक शेअर देण्यात आला.

समजा, विभाजनाआधीचे ५० शेअरांचे एक सर्टिफिकेट मुलीला वडिलांच्या कपाटात सापडले. वडील २०१२ मध्ये वारले आहेत आणि २००९ नंतर एकही लाभांश बँकेत जमा झालेला नाही. घर बदलल्यामुळे कंपनीची पत्रे जुन्या पत्त्यावरून परत जात राहिली. हातात एकच कागद असला, तरी हक्क तीन कंपन्यांत आहे. बजाज होल्डिंग्जचे ५० शेअर तसेच आहेत. नव्या बजाज ऑटोने २०१० मध्ये एकास एक बोनस दिला, त्यामुळे तिथले ५० चे १०० झाले. बजाज फिनसर्व्हने २०२२ मध्ये ५ रुपये दर्शनी मूल्याचा शेअर १ रुपयाच्या पाच शेअरांत विभागला आणि वर एकास एक बोनस दिला, त्यामुळे तिथले ५० चे ५०० झाले. फक्त सर्टिफिकेटवरचे नाव पाहून आजच्या बजाज ऑटोकडे अर्ज केला, तर उरलेल्या दोन कंपन्यांतला हक्क लक्षातही येणार नाही.

हे शेअर सध्या कुणाच्या ताब्यात आहेत, हे सात वर्षांच्या नियमावरून ठरते. कंपनी कायदा २०१३ नुसार लाभांश जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. न दिला गेलेला लाभांश पुढच्या सात दिवसांत ‘न दिलेला लाभांश’ या वेगळ्या बँक खात्यात टाकावा लागतो. लाभांश २५ जुलै २०१७ रोजी जाहीर झाला असेल, तर पहिली मुदत २४ ऑगस्टला आणि दुसरी ३१ ऑगस्टला संपते. ती रक्कम शेवटच्या दिवशी या खात्यात गेली, तर ३१ ऑगस्ट २०२४ रोजी सात वर्षे पुरी होतात. तोपर्यंत ती रजिस्ट्रारमार्फत थेट कंपनीकडून मिळू शकते. त्यानंतर ती केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये जाते. दावा उशिरा केला, तरी मधल्या काळाचे व्याज मिळत नाही.

सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही, तर लाभांशाबरोबर ते शेअरही निधीच्या नावे होतात. मधल्या एकाही वर्षाचा लाभांश घेतला गेला असेल, तर हा नियम लागू होत नाही. हस्तांतरापूर्वी कंपनीने भागधारकाला पत्र पाठवून वर्तमानपत्रात नोटीस द्यायची असते. मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात छापलेल्या अनेक नोटिसा याच असतात. वरच्या उदाहरणातले तिन्ही कंपन्यांचे शेअर बोनससह निधीकडे गेलेले असणार. `iepf.gov.in` या संकेतस्थळावर नाव किंवा फोलिओ क्रमांक टाकून ते तपासता येते.

शेअर निधीत गेलेले असोत वा नसोत, पहिले पत्र रजिस्ट्रारलाच लिहायचे असते. त्यात हकिगत थोडक्यात द्यावी आणि तपशील पूर्ण असावा. पत्राचा गाभा साधारण असा असतो :

‘फोलिओ क्रमांक ००१२३४५, सर्टिफिकेट क्रमांक ४५६७८, विशिष्ट क्रमांक १२३४५०१ ते १२३४५५०, एकूण ५० शेअर. प्रथम धारकाचे नाव सर्टिफिकेटवर आहे तसे. संयुक्त धारक नाही. नोंदवहीतला पत्ता अमुक. धारकाचे निधन २०१२ मध्ये झाले असून अर्जदार त्यांची मुलगी आहे. या फोलिओवर आज किती शेअर आहेत, कोणत्या वर्षांचे लाभांश दिले गेलेले नाहीत, कोणती रक्कम व किती शेअर निधीकडे गेले आहेत आणि वारसनोंदीसाठी कोणती कागदपत्रे लागतील, हे लेखी कळवावे.’

पत्रात नाव सर्टिफिकेटवरच्याच स्पेलिंगने लिहावे आणि आजचा पत्ता देताना नोंदवहीतला जुना पत्ताही द्यावा, कारण रजिस्ट्रार सर्वांत आधी हेच दोन तपशील ताडून पाहतो. पत्रासोबत सर्टिफिकेटची दोन्ही बाजूंची छायाप्रत जोडावी. मूळ सर्टिफिकेट या टप्प्यावर पाठवायचे नसते.

धारक हयात असेल, तर पुढचे काम केवायसीचे. आयएसआर-१ या अर्जात पॅन, पत्ता, मोबाइल आणि बँकेचा तपशील द्यायचा असतो, तर आयएसआर-२ वर बँक अधिकारी खातेदाराची सही प्रमाणित करतो. नामनिर्देशन एसएच-१३ या अर्जावर होते. १ एप्रिल २०२४ पासून कागदी शेअरांचा लाभांश केवायसी पूर्ण झाल्यावरच आणि थेट बँक खात्यातच मिळतो.

बहुतेक अर्ज नाव आणि सही यांवर अडतात. तीस वर्षांपूर्वीची सही आज तशीच जमत नाही. सर्टिफिकेटवर नुसती आद्याक्षरे असतात आणि पॅनवर पूर्ण नाव. बाईंचे शेअर माहेरच्या नावाने घेतलेले असतात, पॅन सासरच्या नावाचे असते. सहीतल्या फरकाची उणीव बँकेच्या प्रमाणनाने भरून निघते. नावातल्या फरकासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र, विवाह दाखला किंवा राजपत्रातील नोंद लागते. ही कडक तपासणी विनाकारण नाही. मुंबईच्या शेअरप्रो सर्व्हिसेस या रजिस्ट्रारने खऱ्या धारकांचे शेअर आणि लाभांश भलत्यांकडे वळवल्याचा ठपका ठेवून सेबीने २०१६ मध्ये तिच्यावर कारवाई केली होती. वर्षानुवर्षे ज्याची कुणी चौकशी करत नाही, अशा फोलिओवर अफरातफर करणे सोपे असते.

धारक वारलेला असेल, तर वारसनोंद करावी लागते. तिला या क्षेत्रात ‘ट्रान्समिशन’ म्हणतात आणि तिचा अर्ज आयएसआर-५ आहे. संयुक्त धारक हयात असेल, तर मृत्युदाखल्यावर मृताचे नाव वगळले जाते. नामनिर्देशित व्यक्ती असेल, तरीही काम सोपे असते. दोन्ही नसतील, तर शेअरांच्या बाजारमूल्यावर कागदपत्रे ठरतात. २०२२ मध्ये सेबीने कागदी शेअरांसाठी प्रत्येक कंपनीमागे ५ लाख रुपयांची मर्यादा ठेवली. त्याखाली इतर वारसांची ना-हरकत, शपथपत्र आणि नुकसानभरपाईचे हमीपत्र पुरते. त्यावर मृत्युपत्राचे प्रोबेट किंवा न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र अशा दस्तांची गरज पडते. मर्यादा प्रत्येक कंपनीला वेगळी मोजली जात असल्याने उदाहरणातल्या मुलीला तिन्ही कंपन्यांचे मूल्य स्वतंत्रपणे काढावे लागेल. न्यायालयात जावेच लागले, तर तिन्ही कंपन्यांचे शेअर एकाच अर्जात नमूद करावेत. एखादी कंपनी राहून गेली, तर तिच्यासाठी पुन्हा न्यायालयात जावे लागते.

२००८ नंतर मिळालेली बजाज ऑटो आणि बजाज फिनसर्व्हची सर्टिफिकेटे घरात सापडली नाहीत, म्हणून हक्क बुडत नाही. हरवलेल्या सर्टिफिकेटसाठी आयएसआर-४ हा अर्ज आहे. मूल्य मोठे असेल, तर पोलिसांकडील तक्रार आणि वर्तमानपत्रातील जाहिरातही मागितली जाते. मात्र २०२२ पासून दुय्यम सर्टिफिकेट कागदावर दिले जात नाही. शेअर डीमॅट स्वरूपातच मिळतात. त्यामुळे दावेदाराच्या नावे डीमॅट खाते आधीच उघडलेले असावे.

शेअर निधीत गेले असतील, तर या सर्व कागदपत्रांची छाननी करून कंपनी किंवा रजिस्ट्रार हक्काचे पत्र देतो. ते हाती आल्यावर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आयईपीएफ-५ हा अर्ज भरायचा असतो. अर्जाची सही केलेली छापील प्रत, पोचपावती, हमीपत्र, आगाऊ पावती आणि मूळ सर्टिफिकेट हा संच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवायचा असतो. मूळ कागद पहिल्यांदा हातावेगळा होतो तो इथे, म्हणून पाठवण्यापूर्वी त्याची दोन्ही बाजूंची प्रत ठेवावी. कंपनीने ३० दिवसांत पडताळणी अहवाल निधी प्राधिकरणाला द्यायचा असतो. दावा मंजूर झाला की शेअर दावेदाराच्या डीमॅट खात्यात आणि रक्कम बँक खात्यात येते. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो. त्यामुळे लाभांशाची सर्व वर्षे आणि सर्व शेअर त्यातच लिहावेत. उदाहरणातल्या मुलीला असे तीन स्वतंत्र अर्ज भरावे लागतील.

निधीच्या अर्जासाठी शुल्क नाही. रजिस्ट्रारने उत्तर दिले नाही, तर पत्राची पोच जोडून सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. त्या तक्रारीतही फोलिओ क्रमांक द्यावा लागतो.