उन्हातला आकडा, सावलीतला आकडा



मुलं रोज दुपारी अडीचला दोन तापमापक वाचतात, एक उन्हात, एक कडुनिंबाच्या सावलीत. उन्हातला आकडा बराच मोठा येतो, पण तिथली हवा तेवढी तापलेली नसते. किरण थेट काचेच्या फुग्यावर पडून तापमापक स्वतःच तापतो. म्हणून हवामान खातं आपले तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर ठेवतं. सूर्यावर ढग आला की उन्हातला आकडा भराभर उतरतो, सावलीतला फारसा हलत नाही. ही त्याची खूण.

घरी नोंद घेताना तापमापक भिंतीला टेकवू नका, तापलेली भिंत आकडा वाढवते. पाच मिनिटं थांबून, फुग्याला हात न लावता वाचू द्या. आकड्याशेजारी ढग आणि वारा कसा होता, तेही मुलांना लिहायला सांगा.