पोटाचा व्यायाम आणि पोटाची चरबी

सुटलेले पोट पोटाच्याच व्यायामाने आत जाते, ही समजूत पक्की होण्यामागे एक साधा अनुभव आहे. पन्नास सिटअप्स मारल्या की पोटात आग होते, आणि तिथली चरबीच जळते आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती आग स्नायूंच्या थकव्याची असते. स्नायू आणि त्यावरचा चरबीचा थर अगदी खेटून असले, तरी बाजूची चरबी स्नायूला परस्पर उचलून वापरता येत नाही.

चरबी मेदपेशींत साठलेली असते. शरीराला इंधन कमी पडू लागले की रक्तातले इन्सुलिन उतरते, अ‍ॅड्रेनॅलिन वाढते आणि मेदपेशी आपल्याजवळची चरबी फोडून मेदाम्ले रक्तात सोडतात. रक्तात आलेले इंधन साऱ्या शरीराचे होते. एखाद्या गावात सगळ्या विहिरींचे पाणी एकाच टाकीत चढवून तिथून शिवारभर सोडले, तर ज्या शेताला पाणी दिले त्याच्याच बांधावरची विहीर आधी आटेल असे नाही. कोणती विहीर आधी आटणार हे त्या त्या जागच्या मेदपेशींवर ठरते. या पेशींवर अ‍ॅड्रेनॅलिनला प्रतिसाद देणारी दोन प्रकारची ग्राहके असतात: एक चरबी सोडायला लावते, दुसरे रोखून धरते. बहुतेक स्त्रियांच्या मांड्या आणि नितंबांवर रोखणारी ग्राहके जास्त असतात, म्हणून तिथली चरबी चिवट असते. या मांडणीवर अनुवंश, लिंग आणि वय यांचा ताबा असतो, व्यायामप्रकाराचा नव्हे.

हे तपासूनही पाहिले गेले आहे. 1984 मध्ये अमेरिकेतील फ्रँक कॅच आणि सहकाऱ्यांनी तेरा पुरुषांकडून 27 दिवसांत प्रत्येकी पाच हजारांवर सिटअप्स करून घेतल्या. आधी आणि नंतर पोट, पाठ आणि नितंब अशा तीन जागांहून मेदपेशींचे नमुने काढून मोजले. पेशी तिन्ही ठिकाणी सारख्याच आक्रसल्या होत्या; पोटाला वेगळा लाभ झाला नव्हता. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिलीमधील प्रयोगात अकरा जणांनी बारा आठवडे फक्त एका पायाचा व्यायाम केला. चरबी घटली ती प्रामुख्याने धड आणि हातांची. व्यायाम केलेला पाय त्या बाबतीत होता तसाच राहिला. काम करणाऱ्या स्नायूजवळच्या चरबीचे विघटन किंचित वाढते, असे 2007 च्या एका डॅनिश अभ्यासात आढळले आहे खरे, पण ते प्रमाण मिलिग्रॅममधले आहे. तेवढ्याने कंबरपट्ट्याचे भोक बदलत नाही.

हिशेबानेही तेच दिसते. एक किलो शरीरचरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात. शंभर सिटअप्सना साधारण 20 ते 35 कॅलरी लागतात. म्हणजे रोज शंभर सिटअप्स मारणाऱ्याला, खाणे अजिबात न वाढवता, एक किलो चरबी घालवायला सात महिन्यांहून अधिक काळ लागेल, आणि तो किलोही सगळ्या अंगावरून जाईल. घामाचे पट्टे तर याहून फसवे. ते बांधून जे वजन उतरते ते पाण्याचे असते आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत येते.

पोटातली चरबी एकाच जातीची नसते, आणि हा मुद्दा सपाट पोटापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. चिमटीत धरता येते ती त्वचेखालची. दुसरी पोटाच्या पोकळीत, आतडी आणि यकृताच्या आसपास असते. तिला आंतरावयवी चरबी म्हणतात. मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त घट्ट नाते या दुसरीचे आहे. 2004 मध्ये अमेरिकेत पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून लायपोसक्शनने सुमारे दहा-दहा किलो त्वचेखालची चरबी काढण्यात आली. पोटाचा आकार बदलला, पण तीन महिन्यांनंतरही इन्सुलिनचे काम, रक्तदाब किंवा रक्तातील मेद यांत सुधारणा दिसली नाही.

भारतीयांच्या बाबतीत नुसता वजनकाटा किती अपुरा आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्रातून जगाला दाखवले. ते आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. हे 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. म्हणून हडकुळ्या हातापायांच्या माणसाने पोटाकडे ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून काणाडोळा करणे धोक्याचे आहे. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर मानतात. टेप पँटच्या पट्ट्यावर नव्हे, तर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता धरायची.

समजा, 45 वर्षांच्या, 74 किलो वजनाच्या आणि 98 सेंटिमीटर कमरेच्या गृहस्थांनी रोजच्या संध्याकाळच्या वडापावाऐवजी मूठभर फुटाणे खाल्ले आणि दिवसाच्या तीन चहांतली साखर सोडली, तर साधारण 250 कॅलरी कमी होतात. अर्ध्या तासाच्या भरभर चालण्याने आणखी शंभरेक. दिवसाला 350 ची तूट धरली, तर महिन्याला सव्वा-दीड किलो उतरू शकते. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला इंधनही कमी लागते. ढोबळ मानाने एका किलोमागे कंबर एक सेंटिमीटरने घटते. चार महिन्यांत चारेक किलो उतरले तर घेर 94 च्या आसपास येईल. आरशात फारसे दिसणार नाही, पण आंतरावयवी चरबी सहसा प्रमाणाने आधी आणि अधिक घटते. चालण्याने, पोहण्याने ती वजन फारसे न हलताही कमी होऊ शकते. म्हणूनच महिन्याने चिमटीतली वळी तशीच दिसली तरी टेप पाहायला हवी.

नुसत्या उपासाने वजन उतरवले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन घटते, पोट मात्र लोंबतेच राहते. डाळी, उसळी, दही, अंडी यांतून पुरेशी प्रथिने आणि आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर, वजने असा ताकदीचा व्यायाम केला तर स्नायू टिकतात. स्नायू ही गोष्ट मात्र हव्या त्या जागी वाढवता येते. खांदे आणि पाठ भरली की तीच कंबर बारीक दिसते. सिटअप्स आणि प्लँकचा खरा उपयोगही इथेच आहे: पोटाचे स्नायू बळकट होतात, ताठ उभे राहणे सोपे जाते. त्यावरची चरबी आहाराने उतरेल तेव्हाच ते दिसू लागतात.

बरगड्यांचा घेर आणि कमरेच्या हाडाची रुंदी आहार-व्यायामाने बदलत नाही. रजोनिवृत्तीनंतर चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. तो कल पूर्ण उलटवता येत नाही, आटोक्यात ठेवता येतो. बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकलेले राहिले, तर वजन उतरूनही पोट पुढे दिसते. अशा वेळी सिटअप्सचा मारा करण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे. सकाळी सपाट आणि रात्री फुगलेले पोट बहुधा वायूचे असते. मात्र हातपाय वाळत चालले असताना पोट काही आठवड्यांत भराभर वाढू लागले, ताणल्यासारखे घट्ट झाले किंवा पायांवर सूज आली, तर ती चरबी नसून पोटात साठलेले पाणी असू शकते, आणि त्यासाठी लगेच डॉक्टर गाठावा लागतो.