सह्या करण्यापूर्वी सीआयएनची पडताळणी
भारतात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला 21 अक्षर-अंकांचा एक ओळख क्रमांक मिळतो. त्याला सीआयएन म्हणतात. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार कंपनीच्या लेटरहेडवर आणि बिलांवर तो छापावाच लागतो. त्यामुळे तो मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

समजा, कोल्हापूरच्या एका गूळ उत्पादकाशी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी वर्षभराच्या खरेदीचा करार करू पाहते आहे. तिच्या लेटरहेडवर नमुन्यादाखल पुढील क्रमांक आहे:

```
U15490PN2019PTC123456
```

पहिले अक्षर U म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. तशी असती तर तिथे L आले असते. पुढचे पाच अंक व्यवसायाचे असून इथे ते खाद्यपदार्थ निर्मिती दाखवतात. त्यानंतर राज्याची दोन अक्षरे येतात. महाराष्ट्रासाठी MH असते, पण पुण्याच्या कंपनी निबंधकांकडे नोंदलेल्या कंपन्यांना PN मिळते, म्हणून PN पाहून दचकू नये. 2019 हे स्थापनेचे वर्ष, PTC म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड आणि शेवटचे सहा अंक नोंदणीचे.

माहितीपत्रकावर ‘2004 पासून सेवेत’ असे लिहिले असेल, तर इथेच प्रश्न उभा राहतो. जुन्या भागीदारी पेढीची पुढे कंपनी झाली असेल, तर दावा खरा असू शकतो. मात्र त्याची कागदपत्रे पाहावीत.

नुसता क्रमांक बरोबर दिसणे पुरेसे नाही, कारण तो कोणालाही छापता येतो. mca.gov.in या सरकारी संकेतस्थळावर ‘View Company or LLP Master Data’ मध्ये तो टाकला की कंपनीचे नाव, नोंदणीकृत पत्ता, ईमेल, भरणा झालेले भांडवल आणि सद्यःस्थिती दिसते. स्थिती ‘Active’ हवी. ‘Strike Off’ असेल, तर कंपनीचे नाव निबंधकांनी नोंदवहीतून काढले आहे. अशा कंपनीशी करार करू नये. शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे, हेही पाहावे. तो तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल, तर कंपनी ‘Active’ असूनही कारभार थंडावल्याची ती खूण असू शकते.

सर्वांत अवघड फसवणूक म्हणजे खऱ्या कंपनीचा क्रमांक भलत्याच माणसाने वापरणे. तिथे नोंदवही स्वच्छच दिसते. म्हणून सही करणाऱ्याचे नाव संचालकांच्या यादीशी ताडून पाहावे. तो संचालक नसेल तर संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत मागावी. नोंदवहीतल्या ईमेलवर किंवा पत्त्यावर स्वतः संपर्क साधून करार त्यांच्याच वतीने होतो आहे का, हे विचारावे. समोरच्याने दिलेल्या मोबाइलवर विचारून उपयोग नाही. बँक खातेही कंपनीच्याच नावाचे असावे.

एकल मालकीच्या दुकानाला किंवा साध्या भागीदारी पेढीला सीआयएन नसतो आणि एलएलपीचा क्रमांक वेगळा असतो. त्यामुळे सीआयएन नाही एवढ्यावरून पेढी खोटी ठरत नाही. मात्र नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावून तो देता येत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.