ओल छताला आहे, एवढेच लिहा

‘३०२ च्या सभासदांच्या निष्काळजीपणामुळे २०२ मध्ये होत असलेल्या गळतीबाबत जाब विचारणे.’ महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या नोटीस बोर्डावर ऑगस्टच्या सुमारास या धाटणीचा विषय हटकून दिसतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते आणि पावसाने तोवर आपले काम चोख केलेले असते. वरची ओळ नमुन्यादाखल रचलेली आहे, पण सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

या ओळीत सभेआधीच तीन निकाल लागले आहेत : गळती आहे, ती ३०२ मुळे आहे आणि ३०२ वाले बेफिकीर आहेत. पहिली गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली आहे. उरलेल्या दोन कुणी तपासलेल्याच नाहीत. पाणी वरच्या न्हाणीघराच्या नहाणी ट्रॅपच्या जोडातून झिरपत असेल, डक्टमधल्या सामाईक पाइपातून येत असेल किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून आत उतरत असेल. खालच्या घरात उभे राहून वर पाहिले, तर तिन्हींचा डाग सारखाच दिसतो.

इथे प्रश्न फक्त ३०२ च्या मानापमानाचा नाही. आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. सदनिकेच्या आतल्या शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती मात्र त्या सभासदाने स्वखर्चाने. म्हणजे नोटिशीतल्या ‘३०२ च्या निष्काळजीपणामुळे’ या शब्दांनी दुरुस्तीचे बिलही परस्पर फाडून टाकले. मग ३०२ चे सभासद सभेला वकिली तयारीनेच येतात, आणि प्लंबर कधी बोलवायचा हा साधा प्रश्न बाजूलाच राहतो.

तीच नोटीस अशी लिहिता येते : ‘विषय क्र. ४ : सदनिका २०२ च्या न्हाणीघराच्या छताला आलेली ओल – कारणाची तपासणी, दुरुस्ती व खर्च याबाबत निर्णय घेणे.’ ओल कुठे आहे ते कळले, सभेने काय ठरवायचे तेही कळले. ३०२ चा उल्लेख अजून लागत नाही. ‘काही सभासदांच्या वागणुकीबाबत चर्चा’ असा मोघम विषयही नको. नाव न घेतल्याचे समाधान लिहिणाऱ्याला मिळते, पण ते काही सभासद कोण हे लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि ज्याच्याकडे बोट आहे त्याला उत्तर द्यायलाही जागा राहत नाही.

नोटिशीच्या तारखेचा हिशेबही नीट हवा. वार्षिक सभेसाठी पूर्ण १४ दिवसांची सूचना लागते, आणि त्यात नोटीस दिल्याचा व सभेचा दिवस धरत नाहीत. सभा २४ ऑगस्टला असेल, तर नोटीस उशिरात उशिरा ९ ऑगस्टला सभासदांच्या हाती हवी. ‘आम्हाला कळवलेच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

सभा पार पडली की खरी परीक्षा इतिवृत्ताची. सेक्रेटरी रात्री दमून वही उघडतात आणि लिहितात : ‘३०२ च्या सभासदांनी आवाज चढवून कांगावा केला. बरीच वादळी चर्चा झाली. शेवटी त्यांना समज देण्यात आली. दुरुस्ती लवकरात लवकर करण्यात यावी असे ठरले.’

कांगावा आणि वादळ खोडायला हवे, हे कुणीही सांगेल. पण या परिच्छेदातले सर्वात निरुपयोगी वाक्य शेवटचे आहे, आणि ते तर अगदी सभ्य आहे! दुरुस्ती ‘करण्यात यावी’, पण कुणी करायची? ‘लवकरात लवकर’ म्हणजे दिवाळीआधी की नंतर? सरकारी मराठीतून आलेली ही वाक्यरचना कुणालाच दुखावत नाही, कारण ती कुणालाच काम सांगत नाही. तटस्थ लिहायला बसलेले अनेक सेक्रेटरी नेमके याच खड्ड्यात पडतात. दोष काढायच्या नादात ते जबाबदारीही पुसून टाकतात.

आता तोच ठराव पुन्हा लिहून पाहू :

‘ठराव क्र. ४ : सदनिका २०२ च्या न्हाणीघराच्या छताला ओल असल्याचे कमिटीने ३ ऑगस्ट रोजी पाहिले. कारण अद्याप निश्चित झालेले नाही. सचिव दोन्ही सदनिकांच्या सभासदांना वेळ आधी कळवून, त्यांच्या उपस्थितीत १० सप्टेंबरपर्यंत तपासणी करून घेतील. तपासणीचा ४,००० रुपयांपर्यंतचा खर्च संस्था करील. दोष सामाईक पाइपात किंवा बाहेरच्या भिंतीत आढळल्यास दुरुस्ती संस्था करील. सदनिका ३०२ च्या आतील भागात आढळल्यास तेथील सभासद लेखी अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चाने करतील. बाजूने २३, विरोधात २, तटस्थ १. ठराव बहुमताने मंजूर.’ खाली सूचक आणि अनुमोदकाचे नाव.

इथे ३०२ चे नाव आले आहे, आणि ते यायलाच हवे, कारण काम त्यांच्याकडेही जाऊ शकते. मात्र ते ‘आढळल्यास’ या शब्दाच्या पलीकडे उभे आहे. तपासणी म्हणजे काय, हेही सभेतच बोलून घेतलेले बरे. सहसा नहाणीचे तोंड बंद करून वरच्या फरशीवर रंगीत पाणी साठवतात आणि खाली रंग उतरतो का ते पाहतात. पाइपांचे जोड वेगळे तपासतात. दोन्ही घरची माणसे समोर असली की अहवालावर नंतर शंका कमी निघतात.

‘सर्वानुमते’ हा शब्दही सवयीने पडतो. दोघांनी विरोधात हात वर केला असेल, तर तो शब्द खोटा ठरतो आणि ते दोघे पुढच्या पत्राची तयारी करू लागतात. आकडा लिहिला की कुणी काही लपवल्याचे वाटत नाही.

चर्चा लिहिताना क्रियापदे जपून वापरावी लागतात. ३०२ चे सभासद म्हणाले, की दोन वर्षांपूर्वी त्यांनी फरशी बदलली होती. इतिवृत्तात ते ‘कबूल केले’ असे उतरले, तर साध्या माहितीचा गुन्हा झाला. ‘आरोप केला’, ‘मान्य करावे लागले’, ‘उडवाउडवीची उत्तरे दिली’ यांचेही तेच. ‘सांगितले’, ‘विचारले’, ‘सुचवले’ एवढ्यावर बरेचसे काम भागते. शब्दन् शब्द टिपण्याची गरजही नसते. कुणी आपले म्हणणे नोंदवाच असा आग्रह धरला, तर ‘त्यांच्या म्हणण्यानुसार’ लिहून ते एका वाक्यात घ्यावे.

तरीही एखादे वाक्य खटकेल. त्यासाठी आदर्श उपविधींनी वाट ठेवली आहे. कमिटीने इतिवृत्ताचा मसुदा सभेपासून तीन महिन्यांत तयार करायचा आणि तो ठरल्यावर १५ दिवसांत सर्व सभासदांना पाठवायचा. सभासदांनी आपली निरीक्षणे पुढच्या १५ दिवसांत सेक्रेटरींना कळवायची, आणि कमिटीने त्यांचा विचार करून अंतिम इतिवृत्त वहीत नोंदवायचे. दुरुस्ती शब्दांची होऊ शकते, निर्णयाची नाही. ‘कबूल केले’चे ‘सांगितले’ करता येते. २३ मतांची २० करता येत नाहीत. तीन महिने ही शेवटची मर्यादा आहे. आठवड्याभरात मसुदा फिरवला, तर कोण काय म्हणाले हे सगळ्यांना आठवत असते.

समजा, ३०२ च्या सभासदांनी तपासणीला दारच उघडले नाही. तेव्हा ‘सदर सभासद सहकार्य करत नाहीत’ असे लिहिण्याचा मोह होतो. त्याऐवजी ‘तपासणीच्या वेळेबाबत २८ ऑगस्ट व ४ सप्टेंबर रोजी लेखी पत्रे दिली, पोच घेतली, १० सप्टेंबरपर्यंत उत्तर आले नाही’ असे लिहावे. उद्या हे प्रकरण उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात गेले, तर ‘सहकार्य करत नाहीत’ हे कमिटीचे मत ठरते आणि त्यावर वाद घालता येतो. सहीनिशी घेतलेल्या दोन पोचपावत्यांवर तो घालणे अवघड जाते. आणि ३०२ वाले त्या दोन आठवड्यांत गावी गेले असतील, तर तेही त्यांना शांतपणे सांगता येते, कारण वहीत त्यांच्या स्वभावाबद्दल काहीच लिहिलेले नसते.