केरूच्या आधीची भावंडं

गावाकडच्या जुन्या फेरफारात वारसांची नावं ओळीनं लिहिलेली असतात: रामचंद्र, केरू, विठ्ठल. दोन देवांच्या मध्ये हा केर कुठून आला? आजची नातवंडं हे नाव सांगताना अडखळतात. आजोबांचा कुणीतरी पाणउतारा केला असावा, असंच त्यांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. रामचंद्र आणि केरू यांच्यामध्ये आणखी एक-दोन मुलं झालेली असतात आणि ती जगलेली नसतात.

ज्या घरात लागोपाठ मुलं दगावली, तिथं पुढच्या बाळाला चांगलं नाव ठेवायची भीती वाटे. गोजिरं मूल, गोड नाव आणि आईबापांचं कौतुक या तिन्हींवर नजर बसते, अशी समजूत होती. म्हणून हे मूल कुणाला हवंहवंसं नाहीच, असं दाखवायचं. नाव हा त्या दाखवण्याचा एक भाग असे. बाळाला सुपात घालून केरावर किंवा उकिरड्यावर क्षणभर ठेवत. मग दुसऱ्याच बाईनं ते ‘सापडलं’ म्हणून उचलून आणायचं. त्यातून केरू, कचरू, उकिरडा ही नावं आली. कुणी मूल शेजारणीला मूठभर धान्यावर विकून परत घेई. कुणी पाच घरी मागून आणलेल्या कापडाचं अंगडं बाळाला घाली आणि त्याचं नाव भिकू किंवा भिकाजी ठेवी. मुलाचं नाक टोचून त्याला मुलीसारखं वाढवलं तर तो नथू होई. दगडू आणि धोंडू या नावांत आणखी एक इच्छा आहे: नजरेला दगडात घेण्यासारखं काही दिसू नये आणि पोर दगडासारखं टिकावं.

म्हणून असं नाव वाचताना शब्दकोशाआधी भावंडांचा क्रम पाहावा. थोरल्या आणि धाकट्याच्या वयात सहा-सात वर्षांचं अंतर असेल आणि त्या पोकळीनंतर केरू आला असेल, तर अर्थ जवळपास उलगडतो. केरूनंतरच्या भावाला पुन्हा विठ्ठल म्हटलं असेल, तर खात्री वाढते. एक मूल जगलं, भीती ओसरली आणि घर पुन्हा देवाच्या नावाकडे वळलं.

पण प्रत्येक धोंडू असा नसतो. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्या महिन्यात जन्मलेल्यालाही धोंडू किंवा धोंडाबाई नाव मिळे. हा महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, त्यामुळे जन्मतारीख हाती असेल तर जुन्या पंचांगात पडताळा घेता येतो. अडचण तारखेचीच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली असेल, तर तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. फकिरा हे नावही नुसतं मागून आणलेल्या मुलाचं नसतं. पिराला केलेला नवस त्यामागे असू शकतो.

मुलींच्या नावांत सर्वांत मोठी गफलत होते. दगडाबाई, केराबाई, भिकाबाई यांना आपण नकोशीच्या रांगेत बसवतो, आणि तो त्या आईबापांवर अन्याय आहे. दगडाबाई ही जगावी म्हणून जीव टांगणीला लागलेली मुलगी असते. नकुसा किंवा नकोशी ही मुलगा हवा असताना झालेली आणखी एक मुलगी. तिच्या आधीच्या बहिणी बहुधा जिवंत असतात, हीच ओळखायची खूण. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली. ते योग्यच होतं. पण दगडाबाईचं नाव तसं पुसायचं कारण नाही.

आणखी एक अर्थ विसरता येत नाही. मनुस्मृतीत शूद्राचं नाव निंदाव्यंजक असावं असं सांगितलं आहे. त्यामुळे कचरू किंवा दगडू हे नाव वरच्या जातीच्या तोंडून हाक म्हणून आलं की त्यात नजर चुकवण्याचं काही उरत नसे. ‘बलुतं’ लिहिणारे दया पवार यांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. अशा नावाची बोच केवळ भावंडांच्या क्रमावरून कळत नाही. दुसरीकडे महर्षी कर्वे यांचं नावही धोंडोच होतं. नाव एकच असलं, तरी ते कोणत्या घरात, कुणी आणि कोणत्या स्वरात घेतलं हे पाहावं लागतं.

घरात जुनी आत्या किंवा चुलत आजी हयात असेल तर ‘आजोबांचं नाव असं का ठेवलं?’ असं विचारू नका. ती हसून विषय बदलेल. ‘आजोबांच्या आधी किती झाली होती?’ असं विचारा. ती बोटांवर मोजायला लागेल. त्या मुलांची नावं मात्र तिला सांगता येणार नाहीत, कारण बारसं बाराव्या दिवशी असतं आणि त्यातली काही तोवर पोचलीच नव्हती. वंशावळीत त्यांच्यासाठी रेघ नाही. त्यांची नोंद धाकट्या भावाच्या नावात आहे.