अनुवाद सुरू होण्याआधीचा ईमेल

एखादा मोठा मजकूर एकाच वेळी अनेक अनुवादकांकडे वाटून द्यायचा असतो, तेव्हा प्रकल्प व्यवस्थापक काम सुरू होण्यापूर्वी सर्वांना एक ईमेल पाठवतो. मुदत, शब्दसंख्या आणि मानधन त्यात असतेच. पण ईमेलचा गाभा असतो तो शैलीपुस्तिका, ग्लॉसरी म्हणजे ठरलेल्या संज्ञांची सूची, आणि फाइलींना नावे देण्याची पद्धत. अनुवादात जे प्रश्न प्रत्येकाला हमखास पडणार आहेत, त्यांची उत्तरे या तीन ठिकाणी आधीच देऊन ठेवलेली असतात.

समजा, घरच्या घरी रक्तातील साखर तपासण्याचे यंत्र, म्हणजे ग्लुकोमीटर, बनवणाऱ्या कंपनीला माहितीपत्रक, मोबाइल ॲपमधील मजकूर आणि विक्रेत्यांच्या प्रशिक्षणाच्या स्लाइड इंग्रजीतून मराठीत हव्या आहेत. मजकूर ४० हजार शब्दांचा आहे आणि हातात तीन आठवडे आहेत. एक अनुवादक दिवसाला साधारण दोन हजार शब्द नीट करू शकतो. म्हणजे एकट्याला कामाचे २० दिवस लागतील आणि तपासणीला वेळच उरणार नाही. अनुवाद सेवांविषयीच्या आयएसओ १७१०० या मानकानुसार तर प्रत्येक अनुवाद मूळ मजकुराशी ताडून दुसऱ्या व्यक्तीने तपासणे बंधनकारक आहे. म्हणून काम चौघांत वाटले जाते. प्रत्येकाकडे दहा हजार शब्द येतात, पाच दिवसांत अनुवाद संपतो आणि पुढचे दिवस दोन संपादकांना मिळतात.

वेळेचा प्रश्न असा सुटला की भाषेचा उभा राहतो. चौघेही अनुभवी असले तरी एक जण वाचकाला ‘तुम्ही’ म्हणेल, दुसरा ‘आपण’. एक ‘हात धुवा’ लिहील, दुसरा ‘हात धुवावेत’. यातले चूक काहीच नाही. पण माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर एक आणि चौथ्यावर दुसरे आले, की वाचणाऱ्याला तो मजकूर जोडकामाचा वाटतो, आणि औषधोपचाराशी संबंधित कागदावर तसे वाटणे बरे नाही. असे फरक नंतर काढत बसण्यात संपादकाचे दिवस जातात आणि अर्थाच्या चुका शोधायला डोळे ताजे राहत नाहीत.

शैलीपुस्तिका हे बहुधा बरेच लांब दस्तऐवज असते. ती ईमेलला जोडून ‘कृपया वाचावी’ एवढेच लिहिणारा व्यवस्थापक आपले काम अर्धवट सोडतो. या मजकुरात ज्या आठ-दहा निर्णयांशी पदोपदी गाठ पडणार आहे, ते त्याने ईमेलमध्येच उचलून लिहायला हवेत. ग्लुकोमीटरच्या बाबतीत त्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय अंकांचा आहे. मराठी मजकुरात देवनागरी अंक स्वाभाविक आहेत. युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंग्रहातही मराठीसाठी देवनागरी अंक हाच मूळ पर्याय नोंदलेला आहे, त्यामुळे ॲप काही संख्या आपोआप देवनागरीत दाखवण्याची शक्यता असते. यंत्राच्या छोट्या पडद्यावर मात्र 180 असे आंतरराष्ट्रीय अंकच उमटतात. देवनागरीतला १ घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो. चष्मा शोधत आकडा वाचणाऱ्या वृद्ध रुग्णाला यंत्रावर एक लिपी आणि कागदावर दुसरी देणे धोक्याचे आहे. म्हणून ईमेलमध्ये स्वच्छ लिहिलेले असते: साखरेचे सर्व आकडे आणि त्यांचे एकक यंत्रावर दिसतात तसेच, 180 mg/dL, बाकी मजकुरातले अंक देवनागरीत.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम आधाराला असतात, पण परभाषेतून आलेल्या शब्दांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. ‘मोबाइल’ की ‘मोबाईल’, ‘इन्सुलिन’ की ‘इन्शुलिन’, हे प्रकल्पापुरते ठरवावे लागते. त्याहून फसवा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲप’ या शब्दातले पहिले अक्षर दोन प्रकारे टंकलिखित होते. युनिकोडमध्ये २००८ साली ॲ साठी U+0972 हे स्वतंत्र चिन्ह आले. त्याआधी अ टाइप करून त्यावर चंद्र देत असत, आणि अनेक कळफलक अजूनही तसेच करतात. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. एकाने एक पद्धत वापरली आणि दुसऱ्याने दुसरी, तर शोध घेताना अर्धे शब्द सापडत नाहीत आणि ॲपमधला मदत विभागही वाचकाला ‘काही आढळले नाही’ असे सांगतो. ‘दुसऱ्या’ सारख्या शब्दांतल्या अर्ध्या ऱ चीही हीच कथा आहे. जाणता व्यवस्थापक कोणते चिन्ह वापरायचे ते सांगतो आणि कळफलक तपासायला एक नमुना शब्द पाठवतो.

ग्लॉसरी म्हणजे दोन रकान्यांची यादी, असा समज असतो. प्रत्यक्षात उपयोगी ग्लॉसरीत मूळ संज्ञा आणि मराठी पर्यायाशेजारी लिंग, छोटी व्याख्या आणि ‘वापरू नये’ असा रकानाही लागतो. लिंग यासाठी की ‘ॲप सुरू झाले’ आणि ‘ॲप सुरू झाला’ ही दोन्ही रूपे एकाच पडद्यावर येऊ नयेत. व्याख्या कशासाठी, हे ग्लुकोमीटरच्या पेटीतच दिसते. त्या पेटीत बोटाला टोचण्यासाठी दोन वस्तू असतात: एक बारीक सुई, जी एकदा वापरून फेकायची, आणि ती सुई बसवण्याचे पेनासारखे साधन, जे पुन्हापुन्हा वापरायचे. इंग्रजीत दोघींची नावे एकाच धातूवरून आलेली आहेत. एका अनुवादकाने सुईला ‘टोचणी’ म्हटले आणि दुसऱ्याने पेनाला ‘टोचणी’ म्हटले, तर ‘टोचणी पुन्हा वापरता येते’ हे पेनाविषयीचे वाक्य रुग्ण सुईला लावेल. घरात दोघे मधुमेही असतील आणि सुई एकच वापरली गेली, तर त्यातून रक्तातून पसरणारा संसर्ग होऊ शकतो. म्हणून ग्लॉसरीत एकीसाठी ‘लॅन्सेट सुई’ आणि दुसऱ्यासाठी ‘टोचणी पेन’ असे नोंदवून नुसत्या ‘टोचणी’वर बंदी घातलेली असते.

अनुवादक ज्या संगणकीय साधनात काम करतात, ते ग्लॉसरीतला शब्द अनुवादात आला की नाही हे आपोआप तपासते. मराठीत इथे एक अडचण आहे. ग्लॉसरीत ‘चाचणी पट्टी’ असते, वाक्यात मात्र ‘चाचणी पट्ट्यांची’ येते. साधनाला सामान्यरूप आणि अनेकवचन कळत नसेल तर ते चूक दाखवते. इशारे शेकड्यांनी येऊ लागले की कंटाळलेला अनुवादक ‘चाचणी पट्टीची डबी उघडा’ अशी वाक्ये साधनाच्या समाधानासाठी लिहू लागतो, नाहीतर सगळेच इशारे न बघता पुसतो. दोन्ही वाईटच. ईमेलमध्ये याविषयी एक ओळ पुरते: रूप बदलल्यामुळे आलेला इशारा डोळ्यांनी पाहून बाजूला ठेवावा, वाक्य मोडू नये.

ॲपच्या मजकुरात आणखी एक खाचखळगा असतो. `%1$d` सारख्या खुणेच्या जागी ॲप चालू असताना संख्या येते. ‘%1$d पट्ट्या उरल्या’ असे लिहिले तर एकच पट्टी उरल्यावर वाक्य फसते. ‘उरलेल्या पट्ट्या: %1$d’ अशी रचना केली की हा प्रश्न येत नाही. ही युक्ती एकाला सुचून उपयोग नाही. ती चौघांना पहिल्या दिवशी माहीत असायला हवी.

शैलीपुस्तिका आणि ग्लॉसरी दोन्ही हातात असूनही गोंधळ होतो, तो बहुधा अग्रक्रम न सांगितल्यामुळे. अनुवादकांना सोबत जुन्या अनुवादांचा साठाही मिळतो. त्याला ट्रान्सलेशन मेमरी म्हणतात. ओळखीचे वाक्य आले की साधन जुना अनुवाद पुढे करते. समजा, कंपनीच्या आधीच्या यंत्राच्या वेळी ‘स्ट्रिप’ वापरले होते आणि नव्या ग्लॉसरीत ‘चाचणी पट्टी’ ठरले आहे. तंतोतंत जुळणाऱ्या जुन्या वाक्याला हात लावायचा की नाही? त्या वाक्यांचे मानधन बहुधा कमी असते, त्यामुळे अनुवादक ती तशीच सोडतो, आणि एकाच परिच्छेदात ‘स्ट्रिप’ आणि ‘चाचणी पट्टी’ या दोन वेगळ्या वस्तू असल्याचा भास होतो. म्हणून ईमेलमध्ये क्रम लिहून द्यावा लागतो: आधी ग्लॉसरी, मग शैलीपुस्तिका, शेवटी जुना साठा. आणि जुनी वाक्ये दुरुस्त करायची असतील तर त्या श्रमाचा मोबदलाही त्याच ईमेलमध्ये स्पष्ट करावा. तो न सांगता अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

फाइलींची नावे हा भाग रुक्ष दिसतो, पण केलेली मेहनत वाया जाते ती बहुतेक इथेच. नाव असे बांधतात:

```
GLU2_leaflet_en-mr_TR_v01.docx
GLU2_leaflet_en-mr_ED_v02.docx
```

पहिला तुकडा प्रकल्पाचा, दुसरा दस्तऐवजाचा. `en-mr` म्हणजे इंग्रजीतून मराठीत. `mr` हा मराठीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. `TR` म्हणजे अनुवादित, `ED` म्हणजे संपादित, आणि शेवटी आवृत्ती. आवृत्तीत शून्य ठेवतात, कारण नुसते v1, v2 लिहिले तर पुष्कळ ठिकाणी यादीत v10 हे v2 च्या आधी येऊन बसते. नावात मोकळी जागा आणि देवनागरी अक्षरे टाळतात. फाइली एकत्र बांधून पाठवताना काही संगणकांवर देवनागरी नावांची जागा निरर्थक चिन्हे घेतात. ‘final’ हा शब्दही वर्ज्य असतो, कारण त्याच्या मागून दुसरा ‘final’ येतोच.

या पद्धतीला एक अपवाद आहे आणि तो ठळक लिहावा लागतो. ॲपच्या मजकुराच्या फाइलींचे नाव मुळीच बदलायचे नसते. अँड्रॉइड ॲपचा मराठी मजकूर सहसा `values-mr` या फोल्डरमधल्या `strings.xml` मध्ये असतो. एखाद्या शिस्तप्रिय अनुवादकाने त्या नावाला `_TR_v01` जोडले आणि ते तसेच पुढे गेले, तर पुढची सगळी साखळी अडू शकते. अशा वेळी आवृत्ती फाइलीच्या नावात न घालता ज्या झिपमधून ती पाठवायची, त्या झिपच्या नावात घालतात.

नावांची शिस्त मोडल्याची खूण सहज सापडते. संपादकाने `v02` तयार केल्यावर `v01` च्या बदलाची वेळ त्याच्या नंतरची दिसली, तर अनुवादकाने जुनीच फाइल पुन्हा उघडून दुरुस्त्या केल्या आहेत. आता दोन फाइलींत दोन वेगळ्या दुरुस्त्या असतात आणि त्या ओळ ओळ ताडून एकत्र कराव्या लागतात.

ईमेलच्या अखेरीस शंकांची वाट सांगितलेली असते. शंका वेगवेगळ्या ईमेलने न विचारता सर्वांना दिसणाऱ्या एका तक्त्यात लिहायच्या: फाइल, मूळ वाक्य, शंका, आपला प्रस्ताव. कंपनीचे उत्तर त्याच ओळीत येते, म्हणजे एकाचे उत्तर चौघांना मिळते. उत्तराने एखादी संज्ञा बदलली तर व्यवस्थापक ग्लॉसरीची नवी आवृत्ती पाठवतो, बदललेल्या ओळींना रंग देतो, आणि आधीच सुपूर्द झालेल्या भागांत तो बदल अनुवादक करणार की संपादक, हेही त्याच वेळी नाव घेऊन सांगतो.