तीनपैकी दोन : एका गणिताची उकल

बॉयलरवर तापमान मोजणारे तीन सेन्सर आहेत. एकाच सेन्सरने ‘तापलं’ म्हटलं तर गप्प राहायचं, कारण तो बिघडलेला असू शकतो. किमान दोघांनी म्हटलं तर भोंगा वाजवायचा. पॉलिटेक्निकच्या डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये हा प्रश्न हमखास भेटतो : ट्रुथ टेबल मांडा, समीकरण सोपं करा, सर्किट काढा. प्रत्यक्षातल्या सुरक्षा यंत्रणाही ‘तीनपैकी दोन’ हाच नियम वापरतात.

सेन्सरना A, B, C म्हणू आणि भोंग्याला Y. प्रत्येक सेन्सर ० किंवा १ देतो, म्हणून टेबलात आठ ओळी होतात. ०००पासून १११पर्यंत त्या क्रमाने लिहाव्यात. मनाला येईल तसं लिहायला गेलं की एखादी ओळ हमखास सुटते. Y चार ठिकाणी १ येतो : ०११, १०१, ११० आणि १११. जिथे ० आहे तिथे अक्षरावर आडवी रेघ द्यायची (इथे ती A' अशी दाखवतो) आणि चारही ओळींची बेरीज मांडायची :

```
Y = A'BC + AB'C + ABC' + ABC
```

हे उत्तर बरोबरच आहे, पण खर्चिक आहे. यासाठी तीन नॉट, तीन-तीन इनपुटचे चार अँड आणि चार इनपुटचा एक ऑर, असे आठ गेट लागतात.

सोपं करताना बहुतेक मुलं एकाच जागी अडतात. A'BC आणि ABC यांची जोडी लावली की BC उरतो, कारण A' + A म्हणजे १. मग AB'C आणि ABC' यांच्या जोडीला कोणी उरत नाही, आणि उत्तर अर्धवट राहतं. इथे बूलच्या बीजगणिताचा एक नियम कामी येतो : X + X = X. नेहमीच्या गणितात तेच पद पुन्हा मिळवलं तर बेरीज वाढते, इथे काहीच बदलत नाही. म्हणून ABC हवा तितक्या वेळा लिहिता येतो. तो तीनदा लिहा आणि प्रत्येकाला एक जोडीदार द्या :

```
Y = (A'BC + ABC) + (AB'C + ABC) + (ABC' + ABC)
Y = BC + CA + AB
```

मॉरिस कार्नो यांनी १९५३ साली मांडलेल्या के-मॅपवर हेच डोळ्यांना दिसतं : १११चा चौकोन तिन्ही गटांत येतो. मात्र स्तंभांचा क्रम ००, ०१, ११, १० असाच हवा. ११ आणि १०ची अदलाबदल झाली की शेजारचे चौकोन खरे शेजारी राहत नाहीत आणि गट चुकतात.

आता तीन अँड आणि एक ऑर, एवढ्यात काम भागतं. पण प्रश्नात बहुधा पुढे असतं, ‘फक्त नँड गेट वापरा.’ समीकरणावर दोन रेघा देऊन डी मॉर्गनचा नियम लावला की मिळतं :

```
Y = ((AB)' · (BC)' · (CA)')'
```

म्हणजे पहिल्या रांगेत दोन इनपुटचे तीन नँड, आणि त्यांच्यापुढे तीन इनपुटचा एक. ७४०० या आयसीत दोन इनपुटचे चार नँड असतात, ७४१०मध्ये तीन इनपुटचे तीन. दोन्हीत पिन १४ला ५ व्होल्ट आणि पिन ७ला ग्राउंड.

७४१० हाताशी नसला की काही जण दोन इनपुटचे दोन नँड एकापुढे एक जोडतात आणि तीन इनपुटचा नँड झाला असं समजतात. तो होत नाही. पहिल्या नँडने उलटवलेलं उत्तर आधी दुसऱ्या उलट्याने सरळ करावं लागतं, म्हणून मधे आणखी एक नँड, दोन्ही इनपुट एकत्र जोडून, नॉटसारखा वापरावा लागतो. तो राहिला तर टेबलाच्या पहिल्याच ओळीत चूक पकडली जाते : तिन्ही सेन्सर ० असतानाही भोंगा वाजतो.

टीटीएल आयसीचं मोकळं सोडलेलं इनपुट बहुधा १ असल्यासारखं वागतं. A ची वायर निसटली तर B आणि C पैकी एकानेच भोंगा वाजू लागतो. कारण A ला १ धरलं की BC + C + B उरतं, आणि ते B + C एवढंच आहे. असं दिसलं की आधी A ची वायर तपासा.

कागदावरची पडताळणीही याच वाटेने करा. A = ० धरा, Y मध्ये फक्त BC उरला पाहिजे. A = १ धरा, B + C उरला पाहिजे. दोन्ही टेबलाच्या वरच्या आणि खालच्या चार ओळींशी जुळले, तरच पेन्सिल घेऊन सर्किट काढायला बसा.